‘उतरलं ते तोंड’: हसवणारा शब्द वाक्याच्या शेवटी न्यायचा कसा?

रंकाळाकाठ
मंडळी, प्रश्न एका वाक्याचा आहे पण मला त्यात मराठीची गंमत दिसली म्हणून इथं टाकतोय. आमचा दादा तीन महिने राजारामपुरीतल्या जिमला जातोय, रोज सकाळी रंकाळ्याला फेरी पण मारतो, आणि फेरी झाली की मिसळ, कट दोनदा मागून घेतो. काल वजनकाट्यावर उभा राहिला, आकडा होता तिथंच, आणि त्याच क्षणी मी फोटो काढला. दादाला दाखवला, टाक म्हणाला. मी कॅप्शन लिहिलं:

“तीन महिने जिम करून पण शेवटी काटा बघून आमच्या दादाचं फक्त तोंडच उतरलं राव 😂😂”

घरच्या ग्रुपवर टाकलं तर सगळ्यांनी नुसते अंगठे दिले. फोटो भारी आहे, गोष्ट भारी आहे, मग वाक्य का पडलं? आणि दुसरं म्हणजे ज्या शब्दावर माणूस हसतो त्याला मराठीत काय म्हणायचं, कलाटणी का?

पेठकर
सोपंय की भावा. पंच कायम शेवटच्या शब्दावर पाहिजे. तुझा पंच ‘तोंड’ आणि त्याच्यामागं ‘उतरलं राव’ लटकतंय. फिरव की ते. “तीन महिने जिम करून दादाचा उतरला तो चेहरा.” झालं काम. उखाण्यात बघ, नाव शेवटी येतं म्हणूनच सगळे कान टवकारून बसतात.

खिळेजुळारी
पेठकर, दिशा बरोबर आहे पण दोन ठिकाणी घसरलात. उखाण्यात नाव बहुतेक वेळा शेवटी नसतं, “अमुकरावांचं नाव घेते” असं मधे येतं आणि शेवटाला यमक असतं. ते राहू दे, मुद्दा चेहऱ्याचा आहे.

मी छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, वात्रटिका आणि चुटके पुष्कळ लावलेत, त्यामुळे एक सवय लागलीय, वाक्य शेवटचा शब्द झाकून वाचायचं. रंकाळाकाठ, तुमच्या वाक्यात खरा माल ‘उतरलं’ या क्रियापदात आहे. वजनही उतरतं आणि तोंडही उतरतं. पण तुम्ही ‘तोंड’ आधी सांगितलंत, त्यामुळे ‘उतरलं’ वाचताना वाचकाला एकच अर्थ दिसतो, रोजचा वाक्प्रचार, त्यात हसायचं काय. तेच उलटं लावा:

“तीन महिने जिम करून दादाचं उतरलं ते तोंड.”

आता ‘जिम’ वाचलं, ‘उतरलं’ वाचलं, वाचकाच्या मनात ‘वजन’ येऊन बसलं, आणि मग तुम्ही ते उचलून तिथं ‘तोंड’ ठेवलं. हसू येतं ते त्या बदलाबदलीचं. शब्द शेवटी आहे एवढ्यानं येत नाही.

आता चेहरा का नाही. वजन उतरलं, तोंड उतरलं, दोन्ही नपुंसकलिंगी. चेहरा मात्र उतरला. तुम्ही “दादाचा उतरला तो” एवढं म्हटल्याबरोबर वाचकाला कळतं की वजन नाही, दुसरं काहीतरी येणार. इंग्रजीवाल्यांना ही अडचण नाही, त्यांचं क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. आपलं क्रियापद चुगली करतं, विशेषणही करतं, आणि ‘दादाचा, दादाची, दादाचं’ यातला ‘चा-ची-चं’ तर सगळ्यात आधी करतो. म्हणून वाचकाच्या मनात येणारा शब्द आणि तुम्ही देणार तो शब्द, दोन्ही एका लिंगाचे पाहिजेत. वचनसुद्धा एकच पाहिजे.

रंकाळाकाठ
काका हे लईच भारी. मी लगेच घरात करून बघितलं. आईला म्हटलं वाक्य पुरं कर, “तीन महिने जिम करून दादाचं उतरलं ते…” आई पोळ्या लाटत होती, वर न बघता म्हणाली “वजन, दुसरं काय?” मग थोड्या वेळानं चुलतबहीण आली तिला पेठकरचं वाक्य दिलं, “दादाचा उतरला तो…” तर ती थांबली, विचार केला आणि म्हणाली “राग?” म्हणजे तिच्या डोक्यात वजन आलंच नाही, ती कोडं सोडवत बसली!

पेठकर
बरं चेहरा कॅन्सल, मान्य. पण शेवटी पाहिजे हे तरी खरं ना.

खिळेजुळारी
नेहमी नाही. मराठीत क्रियापद मुळातच शेवटी येतं, त्यामुळे हसवणारा शब्द क्रियापदच असेल तर काही हलवायला लागत नाही. “पाहुणे आले, बसले, जेवले आणि राहिले.” इथं ‘राहिले’ आपोआप जागेवर आहे. इथं मुद्दाम फिरवाफिरवी केली तर उलट बिघडतं. अडचण येते ती नाम किंवा विशेषण हसवणारं असलं की, कारण त्याच्यामागं क्रियापद येऊन बसतं.

इचलकरंजीची
पाहुण्यांचं नाव काढलंत म्हणून माझं पण विचारते. दारातल्या चपलांच्या ढिगाचा फोटो आहे माझ्याकडं, सात जोड आहेत त्यात एकच आमचा. लिहिलं होतं “पाहुणे चार दिवसांसाठी आले होते, आज पंधरावा दिवस आहे.” नणंदेला दाखवलं तर ती म्हणाली “अगं बाई, खरंच?” म्हणजे तिनं बातमीच समजली. ह्याला काय करू? ह्यात तर दोन अर्थाचा शब्दच नाही.

खिळेजुळारी
ताई, दोन अर्थ लागतातच असं नाही, इथं आकड्याचा धक्का आहे. तुमचा धक्का ‘पंधरावा’ आणि त्याच्यामागं ‘दिवस आहे’ ही दोन रिकामी पावलं. असं करा:

“पाहुणे चार दिवसांसाठी आलेत. आज दिवस पंधरावा.”

‘आहे’ मराठीत सहज गाळता येतं, आणि ‘दिवस पंधरावा’ असं उलटं आपण बोलतोच. मात्र ‘होता’ आणि ‘असेल’ असे गाळता येत नाहीत, ते काढले की काळच बदलतो. म्हणून मी ‘आले होते’ चं ‘आलेत’ केलं, सगळी गोष्ट आजची झाली की शेवटचं क्रियापद मोकळं होतं.

इचलकरंजीची
अय्या, ‘आलेत’ केल्यावर ते अजून घरातच आहेत असं पण वाटायला लागलं! आणि आहेतच.

रीलवाला भावड्या
कॅप्शनचं टायमिंग म्हणजे मला वाटलं व्हिडिओवर येतात ती अक्षरं. पण तिथं पण हाच प्रॉब्लेम हाय बघा. मी आजोबांचा रील केला, ते बोलतात हळू, मधे थांबतात, आणि मी अख्खं वाक्य एकदम खाली दिलं, तर लोकं आजोबा थांबायच्या आधीच शेवटचा शब्द वाचून मोकळी. डोळा कानापेक्षा फास्ट असतो ना. मग शेवटचा शब्द तोडून वेगळा तुकडा केला आणि आजोबांचं तोंड उघडलं की मगच तो दिसेल असं लावलं. मग हसली पब्लिक.

खिळेजुळारी
प्रश्न तो नव्हता पण तुम्ही सांगितलंत ते इथंही लागू आहे. फोटोखालच्या ओळीत थांबायला आवाज नाही, तिथं थांबा म्हणजे पूर्णविराम किंवा नवी ओळ. फक्त शेवटचा शब्द एकटा खालच्या ओळीत टाकला तर तो आधीच डोळ्यात भरतो, दोन ओळींचं लिखाण माणूस एका नजरेत घेतो. म्हणून छोट्या वाक्यात मी ओळ तोडत नाही.

रीलवाला भावड्या
इथं पटत नाही काका. मोबाईलवर लोकं अंगठ्यानं सरकवत वाचतात, ओळ तोडली नाही तर पंच कळायच्या आत पुढं जातात. मी तोडणारच.

रंकाळाकाठ
मी दोन्ही करून बघतो. काका ‘फक्त’ आणि ‘राव’ तुम्ही गप्पकन काढलेत ते का?

खिळेजुळारी
‘राव’ आणि ते हसरे चेहरे शेवटच्या शब्दानंतर येतात म्हणून. वाचक हसायच्या आत तुम्हीच हसलात. ‘फक्त’, ‘मात्र’, ‘पण शेवटी’ हे आधी येतात, आणि आधीच सांगून टाकतात की आता काहीतरी वाकडं येणार. “दादाचं उतरलं ते मात्र” म्हटलं की आई वजन म्हणणार नाही, करून बघा. ‘काटा बघून’ काढलं कारण काटा फोटोत आहे. ‘तोंडच’ मधला ‘च’ पण काढला, शब्द ‘ड’ वर ठाम थांबू दे.

पेठकर
मग ‘ते’ पण काढा की, “दादाचं उतरलं तोंड.”

खिळेजुळारी
ते मी ठेवीन. ‘ते’ काढलं की ओळ कवितेसारखी वाटते, आणि वजनाचा विचार मनात यायला जो श्वासभर वेळ लागतो तो मिळत नाही. एवढंच, की ‘उतरलं ते’, ‘झालं ते’ हा साचा रोज वापरला तर लोक साचा ओळखायला लागतात.

इचलकरंजीची
एक शंका. आपल्याकडं कोल्हापूर भागात बायका पण ‘मी येतो’, ‘मी गेलो’ म्हणतात. मग क्रियापद चुगली करतं हे आपल्याला लागू होतं का?

खिळेजुळारी
फार चांगला प्रश्न. बोलणारी व्यक्ती बाई की पुरुष, हे आपल्या बोलीत ‘मी’ च्या क्रियापदावरून लपतं, आणि त्याचा उपयोग करून घेता येतो. पण पुण्याकडचा वाचक सरळ पुरुष समजेल, म्हणजे कॅप्शन कुणासाठी त्यावर ते अवलंबून. ‘उतरला-उतरली-उतरलं’ हे मात्र आपल्याकडंही तसंच बदलतं.

रंकाळाकाठ
आणि नावाचं राहिलं. कलाटणी म्हणायचं का?

खिळेजुळारी
कलाटणी म्हणजे गोष्टीचं वळण, ते दोन पानंही चालू शकतं. मेख म्हणजे लपलेली अडचण. एका शब्दावर हसू फुटतं त्याला नाटकवाले ‘पंच’ म्हणतात आणि हशा आला की ‘लाफ्टर घेतला’. मला ‘समेचा शब्द’ जवळचा वाटतो, तबल्यात सगळे समेची वाट बघतात तसं.

पेठकर
पण सम कुठं येणार ते आधीच माहीत असतंय की काका. पंच माहीत असला तर मेला.

खिळेजुळारी
जागा माहीत असते, गवई तिथं कसा येणार ते माहीत नसतं. पण तुमचा आक्षेप खरा आहे, विचार करतो.

रंकाळाकाठ
अपडेट देतो. दुपारी स्टेटसला “तीन महिने जिम करून दादाचं उतरलं ते तोंड.” एवढंच टाकलं, ओळ न तोडता, एकही इमोजी नाही. सकाळी अंगठा दिलेल्या काकूंनी पण फोन करून दादाला चिडवलं. आणि वहिनीनं खाली लिहिलं, “आणि वाढलं ते बिल.” वाढलं, वजन, बिल, तिन्ही बरोबर बसले, आणि तिला हे कुणी सांगितलेलं नाही.

पेठकर
वहिनींचंच जास्त भारी झालंय. पण दुसऱ्यांदा ‘ते’ आल्यावर मला ‘बिल’ आधीच कळालं होतं.

इचलकरंजीची
मला नव्हतं कळालं, मी मिसळ म्हणणार होते.

खिळेजुळारी
ताई, मिसळ वाढली असती.