मदत हवी आहे: घडीचं फुगलेलं ऑम्लेट, खालून करपतं आणि मध्ये कच्चं राहतं

पल्लवी_नेरुळ
रविवारी सकाळी नाश्त्याला माणसं येतायत, त्याआधी हे जमायलाच हवंय. घडी घातलेलं जाड, फुगलेलं ऑम्लेट पाहिजे, कापल्यावर आत मऊ पण वाहणारं नाही. माझं खालून तपकिरी होतं, वर पातळच असतं, घडी घातली की मधून रस बाहेर येतो, आणि तो शिजेपर्यंत थांबले तर सगळं चामट. आच मोठी करून झाली, बारीक करून झाली. फेटते तर मस्त भरपूर. काय चुकतंय ते सांगा प्लीज, लवकर.

कळव्याचा_बंड्या
चिमूटभर खायचा सोडा आणि अर्धी वाटी दूध घाल, डब्बल फुगतं. आमच्याकडे स्टेशनबाहेरचा गाडीवाला असंच करतो.

भटारखाना
बंड्या, सोड्याने रंग अजून लवकर चढतो, तिची मूळ तक्रारच करपण्याची आहे. वर साबणासारखी चव येते. आणि दोन-तीन अंड्यांत अर्धी वाटी दूध म्हणजे ते नीट धरणारच नाही, ताटात पाणी सुटेल.
पल्लवीताई, पॅन कुठला, केवढा, अंडी किती, गॅस की इंडक्शन? मी हॉटेलात ब्रेकफास्ट काउंटर सांभाळलाय, पण एवढं कळल्याशिवाय सांगता येणार नाही.

पल्लवी_नेरुळ
नेहमीचाच पॅन हो. दोन अंडी.

भटारखाना
नेहमीचा म्हणजे केवढा? पट्टीने मोजा.

पल्लवी_नेरुळ
२८ सेंमी निघाला, नॉनस्टिक. इंडक्शन आहे, भाड्याच्या घरात गॅसचं कनेक्शन अजून आलेलं नाही. अंडी मिक्सरच्या भांड्यात फिरवते, भरपूर फेस येईपर्यंत, त्यातच कांदा टोमॅटो घालते. हे सगळं महत्त्वाचं आहे का?

भटारखाना
सगळं यातच आहे. २८ सेंमीत दोन अंडी म्हणजे पापडासारखा पातळ थर, तो फुगणार कुठून? त्यात इंडक्शनची कॉइल बहुतेक वेळा एवढ्या मोठ्या तळापेक्षा लहान असते, म्हणून मधलं वर्तुळ तापतं आणि कडा थंड राहतात. कमी सेटिंगवर बऱ्याच शेगड्या चालू-बंद, चालू-बंद करतात, पातळ पॅन असेल तर क्षणात जळतं आणि क्षणात गार होतं. जाड बुडाचा २० सेंमीचा पॅन घ्या आणि तीन अंडी.
मिक्सरचं म्हणाल तर त्यातला फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो, पॅनमध्ये पडला की वर तरंगतो आणि पातळ अंडं खाली जातं. फेसातून उष्णता सहज वर जात नाही, त्यामुळे खालचं करपतं आणि वरचं ओलं राहतं. अख्ख्या अंड्याचं करायचं तर काट्याने पांढऱ्याचे तार दिसेनासे होईपर्यंत फेटा, बस.

मऊसूत
पण दादा, त्यांना फुगलेलं हवंय. काट्याने फेटून मऊ होतं, उंच होत नाही. पांढरं आणि बलक वेगळं करून पांढरं फेटायला लागतं, फ्रान्समधल्या मों-सें-मिशेलचं प्रसिद्ध ऑम्लेटही फेसाळ आणि उंच असतं.

भटारखाना
मान्य, पण रविवारी घाईत पांढरं वेगळं फेटत बसायचं? मी काट्याचंच सांगेन. पॅनमध्ये लोण्याचा फेस विरला की अंडं ओता, उलथन्याने कडेचं मध्ये ओढत राहा, वर ओलं दिसत असतानाच शेगडी बंद करून घडी घाला, पॅनच्या उष्णतेवर आतलं बेताचं होतं. लोणी तपकिरी झालं तर पॅन जास्त तापलाय, पुसून पुन्हा सुरू करायचं.

डोंबिवलीची_आत्या
बेसनाचं ऑम्लेट कसं फुगवायचं कोणी सांगेल का? आमच्याकडे अंडं चालत नाही. ओवा घातला तरी बसकंच होतं.

मऊसूत
आत्या, ते धिरडं, त्याचं तंत्र वेगळं. वेगळा धागा काढा ना, मी येते तिथे.

घणसोली_डॉक्टरीणबाई
कोण खाणार आहे ते कोणीच विचारलं नाही! ओलसर मध्य तब्येतीने चांगल्या माणसाला चालेल कदाचित, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायकांना मुळीच नाही. अंडं पूर्ण धरलेलं हवं, सुमारे ७१ अंशांवर जायला हवं.

पल्लवी_नेरुळ
अगं बाई, नणंदच येतेय, सहावा महिना आहे. ते सांगायचं राहिलंच. मग आत मऊ करायचंच नाही का?

भटारखाना
मग माझी पद्धत नको, मऊसूत बरोबर आहेत. पांढरं फेटून केलं तर आतपर्यंत धरतं तरी हवेमुळे मऊ लागतं. हे करा.
तीन अंड्यांचं पांढरं स्वच्छ कोरड्या स्टीलच्या भांड्यात घ्या. बलकाचा थेंब पडला किंवा तेलाचा हात लागला की फेस नीट येत नाही. दोन-तीन थेंब लिंबू, मग हँड बीटर. काढल्यावर टोक हळूच वाकलं पाहिजे. टोक ताठ उभं राहिलं की बलकात मिसळताना गुठळ्या राहतात आणि फेसाचा घास कोरडा लागतो. बलकात मीठ घालून फेटा, पांढऱ्यातला चमचाभर फेस आधी त्यात ढवळा, मग उरलेलं हलक्या हाताने खालून वर आणत मिसळा.
मध्यमपेक्षा थोडी कमी आच, लोणी, ओता, एकसारखं पसरवा, आता ढवळायचं नाही. झाकण. साधारण तीन-चार मिनिटांनी वरचं चमकत नसेल आणि बोट लावल्यावर चिकटत नसेल तर मध्ये उलथन्याने हलकी रेघ पाडा, घडी घाला, झाकण ठेवून अजून अर्धं मिनिट. कांदा आधी परतून अर्ध्या भागावर घडीआधी टाका, कच्चा मिश्रणात घातला तर तळाशी बसतो आणि पाणी सोडतो. झाकणाच्या वाफेचं पाणी वर पडतं, मधे एकदा पुसा.

कळव्याचा_बंड्या
एवढं करण्यापेक्षा उलटंच करा ना, दोन्हीकडून भाजलं की कच्चं राहण्याचा प्रश्नच नाही. पावासोबत खायचं तर तेच बेस्ट.

मऊसूत
फेसाळ ऑम्लेट उलटलं की फेस दाबला जातो, खाली बसतं. पावासोबतचं वेगळं रे, ते कांदा-मिरचीचं पातळ, ते उलटायचंच.

पल्लवी_नेरुळ
आत्ता वाशीहून २० सेंमीचा पॅन आणून केलं. दोन बोटं उंच झालं!! आतून सगळं धरलेलं. पण घडी घालताना मधोमध चीर पडली आणि दोन मिनिटांत थोडं बसलं. आणि रविवारी पाच जण आहेत, सगळं आधी फेटून ठेवू का?

भटारखाना
चीर पडली म्हणजे खालचं जास्त कडक झालं, अर्धं मिनिट आधी घडी घाला किंवा रेघ जरा खोल पाडा. बसणार थोडं, आतली हवा गार होऊन आक्रसते, त्यावर उपाय नाही, ताट समोर ठेवून वाढायचं. आधी फेटून ठेवू नका, फेस विरतो. बलक आणि पांढरं वेगवेगळ्या भांड्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि प्रत्येक ऑम्लेटच्या वेळी तेवढंच पांढरं फेटा.

मऊसूत
पाच जणांना एकेक करत बसण्यापेक्षा मोठ्या पॅनमध्ये दोन जणांचं एकदम नाही का होणार?

भटारखाना
गॅसवर झालं असतं. इंडक्शनवर कडा राहतात की नाही हे शेगडीवर आहे, रविवारी पहिलं लहान पॅनमध्येच करा.