मदत हवी आहे, ऑगस्ट 2024: औंसावरून ग्रॅमचा भाव काढला तर चिपळूणचं सोनं जगापेक्षा स्वस्त येतंय

वाशिष्ठीकाठ
जरा लवकर सांगा, संध्याकाळी सोनाराकडे जायचंय. औंसाच्या भावावरून ग्रॅमचा काढला तर 7,111 आला. सोनाराच्या पाटीवर 6,890 आहे. जगात महाग आणि आमच्या बाजारपेठेत स्वस्त, हे कसं काय? बहिणीच्या लग्नासाठी वेढणी घ्यायची आहेत. वडील म्हणतात, स्वस्त आहे म्हणजे कुठेतरी गोम आहे. दुसरं दुकान बघू का?

रापण
डॉलर किती धरलास? 22 कॅरेट की 24? पाटीवरचा भाव जीएसटी धरून की सोडून? काहीच लिहिलं नाहीस आणि वर घाई.

कातळावरचा
वेढणी घेऊन काय करणार? कपाटात पडून राहतील. त्यापेक्षा गोल्ड ईटीएफ घ्या, घट नाही, घडणावळ नाही. मी तेच करतो.

वाशिष्ठीकाठ
लग्नात बहिणीच्या हातात डिमॅटचं स्टेटमेंट देऊ का?
@रापण: औंस 2,400 डॉलर, डॉलर 84 रुपये, दोन्ही गोल केलेत. म्हणजे औंसाचे 2,01,600. त्याचा ग्रॅम केला. पाटी 24 कॅरेटची आहे.

रापण
"त्याचा ग्रॅम केला" म्हणजे कितीने भागलंस ते सांग ना.

आबा_गुहागर
बाळा, ग्रॅमच्या भानगडीत कशाला पडतोस. तोळ्यात बघ. तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम. पाटीवर तोळ्याला 68,900 असतील तर ग्रॅमला 5,900 च्या आसपास पडले. एवढं स्वस्त चोख सोनं नसतं. तुझे वडील बरोबर बोलतायत.

वाशिष्ठीकाठ
आता तर आणखीच घाबरवलंत आबा.

सुरंगी
थांबा जरा. मी रत्नागिरीत एका पेढीचे हिशेब लिहिते, रोज सकाळी हेच करते.

वाशिष्ठीकाठ, कितीने भागलंत ते तुम्ही सांगितलं नाहीत, पण आकडाच सांगतोय. 2,01,600 ला 7,111 ने भागा, 28.35 येतं. हा किराण्याचा औंस. मोबाइलवर नुसतं औंस ते ग्रॅम विचारलं की हाच मिळतो. सोन्याचांदीचा भाव ट्रॉय औंसात असतो, आणि तो 31.1035 ग्रॅमचा. भावाच्या पडद्यावर ट्रॉय शब्द बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो, सगळे धरून चालतात.

2,01,600 भागिले 31.1035 म्हणजे ग्रॅमला 6,482. हा झाला बाहेरचा भाव, बंदरात उतरायच्या आधीचा. त्यावर सध्याची, 2024 ची, आयात ड्युटी 6 टक्के, म्हणजे 6,870. तुमचा सोनार 6,890 सांगतोय. वीस रुपयांत कसली गोम? पाटीचा भाव जीएसटी सोडून असणार, तेवढं मात्र विचारून घ्या. शीटमध्ये घालायचं तर B1 मध्ये डॉलरमधला औंसाचा भाव, B2 मध्ये डॉलरचे रुपये:

```
=B1*B2/31.1034768*1.06
```

आबा, तुमचा तोळा खरा आहे, पण जुना. पाटीवरचा तोळा आता 10 ग्रॅमचा.

हर्णैचा_बापू
माफ करा ताई, पण पुस्तकी हिशेब वेगळा आणि बाजार वेगळा. मी कायम 28.35 नेच भागतो. ड्युटी नाही, जीएसटी नाही, काही मिळवत नाही. मागच्या आठवड्यात चिपळूणलाच नाणं घेतलं, बिलाशी दहा-पंधरा रुपयांच्या फरकाने जुळलं. जुळतंय ते चुकीचं कसं?

रापण
बापू, तुमच्या औंसात ड्युटी आणि जीएसटी आपोआप मुरतात वाटतं.

हर्णैचा_बापू
थट्टा करू नका. बिलाचा फोटो टाकू?

सुरंगी
फोटो नको, बिल खरंच असणार. वाशिष्ठीकाठ यांचेच आकडे घ्या. 6,890 वर 3 टक्के जीएसटी लावला की 7,097 होतात. किराण्याच्या औंसाने 7,111. फरक चौदा रुपये. म्हणून तुमचं जुळतं.

पण का जुळतं ते बघा. मोठ्या औंसाऐवजी लहान औंसाने भागलं की भाव 9.7 टक्के फुगतो. आणि 6 टक्के ड्युटी, तिच्यावर 3 टक्के जीएसटी, दोन्ही मिळून भाव 9.2 टक्के वाढतो. दोन आकडे योगायोगाने शेजारी आलेत. तेही आत्ता, जुलै 2024 च्या बजेटात ड्युटी 15 वरून 6 वर आली तेव्हापासून. त्याआधीचं एखादं बिल असेल तर काढा. औंस आणि डॉलर हेच धरले तर जुन्या ड्युटीने ग्रॅम जीएसटीसकट 7,677 ला पडला असता, आणि तुमच्या पद्धतीने तेव्हाही 7,111 च आले असते. साडेपाचशेहून जास्त रुपयांची तफावत. उद्या ड्युटी पुन्हा बदलली की तुमचं गणित पुन्हा तुटेल.

हर्णैचा_बापू
जूनमध्ये मी सोनं घेतलंच नव्हतं. तेव्हा आंब्याचे पैसे यायचे बाकी होते.

शारजावाली
माहेर दापोली, सध्या शारजात. इथे आपली ड्युटी नाही आणि दिरहम डॉलरला बांधलेला आहे, 3.6725. त्यामुळे तपासायला हे बरं. 2,400 गुणिले 3.6725 भागिले 31.1035 म्हणजे ग्रॅमला 283 दिरहम. दुकानातल्या पाटीवर 24 कॅरेट 290 च्या आसपास असतं, दुकानदार थोडं वर ठेवतातच. बापूंच्या औंसाने 311 येतात. 2,400 च्या भावाला 311 ची पाटी मी इथे कधीच पाहिलेली नाही.

आता माझा प्रश्न. गणपतीला येताना भावाने दोन नाणी आणायला सांगितलीत. ती ड्युटीतून सुटतात का?

कातळावरचा
वर्षभर राहून आलं की बाईमाणसाला 40 ग्रॅमपर्यंत सूट आहे. बिनधास्त आणा.

सुरंगी
बिनधास्त नको. ती सूट दागिन्यांना आहे, नाण्यांना आणि बिस्किटांना नाही. दागिन्यांनाही सध्याच्या, 2024 च्या, नियमात किमतीची मर्यादा आहे, बाईला एक लाख. आजच्या भावात 40 ग्रॅम त्यात बसतच नाहीत.

शारजावाली
मग भावाला सांगते, चिपळूणलाच घे.

आबा_गुहागर
सुरंगी, 10 ग्रॅमचा तोळा हा तुम्हा पेढीवाल्यांचा सोयीचा तोळा. आमच्या वेळी सोनार गुंजा मांडून वजन करायचा. तोळा 180 ग्रेनचा आणि तुमचा तो ट्रॉय औंस 480 ग्रेनचा. म्हणजे आठ तोळ्यांचे बरोबर तीन औंस. भागाकारात दशांशसुद्धा येत नाही. 2,01,600 चे तीन अष्टमांश काढ, 75,600 होतात. हा खऱ्या तोळ्याचा बाहेरचा भाव. मोबाइल लागत नाही.

सुरंगी
हे मात्र सुरेख आबा, आणि अगदी बरोबर. किराण्याचा औंस 437.5 ग्रेनचा, त्याला असा भागच जात नाही. फक्त 75,600 आणि पाटीवरचे 68,900 शेजारी मांडू नका. एक 11.66 ग्रॅमचा, दुसरा 10 चा, आणि दुसऱ्यात ड्युटीही आहे.

आबा_गुहागर
ते कळतं मला. पण पाटीवर तोळा लिहायचं आणि 10 ग्रॅम द्यायचे, ह्याला आमच्याकडे दुसरं नाव आहे.

रापण
आमच्या मालवणात सोनाराक इचारलास तर तो सरळ सांगतलो, "आबानु, तोळो धाचोच." भांडून काय उपयोग नाय.

देवरुखची_माई
आईच्या पाटल्या मोडायच्या आहेत. ग्रॅमला 6,890 प्रमाणे पैसे मिळतील ना? वजन 42 ग्रॅम भरतंय.

रापण
माई, तो 24 कॅरेटचा भाव. पाटल्या 22 च्या असतील तर 0.916 ने गुणा, 6,311 येतात. जुन्या पाटल्या पुऱ्या 22 च्या भरतीलच असं नाही. सोनार कस बघून, आटवून घट धरेल. आटवताना समोर उभ्या राहा.

देवरुखची_माई
समोर उभी राहिले तर चालतं का? आमचा सोनार आत नेतो.

वाशिष्ठीकाठ
पाटल्यांचं नंतर बघूया का? मी दुकानाबाहेरच उभा आहे, पाऊस पडतोय, लाईट गेलीय, आत खडूने लिहिलेली पाटीच कशीबशी दिसतेय.
@सुरंगी: 31.1035 ने केलं, ड्युटी लावली, 6,870 आले. मग पाटीवर 6,890 का? वरचे वीस रुपये कोणाचे? पाच तोळ्यांवर हजार होतात.

सुरंगी
वीस रुपये म्हणजे टक्क्याच्या एक तृतीयांशाहून कमी. तुम्ही डॉलर आणि औंस दोन्ही गोल केलेत. डॉलर 84 ऐवजी 84.25 धरलात तरी ग्रॅममागे वीस रुपये वाढतात. शिवाय ड्युटी त्या क्षणीच्या भावावर बसत नाही. सरकार साधारण पंधरवड्याला 10 ग्रॅमची किंमत डॉलरमध्ये जाहीर करतं, ड्युटी तिच्यावर. मधल्या दिवसांत बाहेरचा भाव वरखाली झाला तर तेवढा फरक राहतो. घाऊक व्यापारीही बाहेरच्या भावाच्या थोडं वर किंवा खाली विकतात, ते मागणीवर. त्यामुळे रुपयाला रुपया कधीच जुळत नाही. मी एक-दीड टक्क्यापर्यंत काही बोलत नाही. पाच-दहा टक्के फरक दिसला तर आधी औंस तपासते, मग कॅरेट, मग जीएसटी आत आहे की बाहेर.

बापू, त्या सरकारी आकड्यावर तुम्हालाही तपासता येईल. 10 ग्रॅमच्या किमतीला 3.11 ने गुणलं की औंसाच्या त्या वेळच्या भावाजवळ जातं. 2.835 ने गुणून बघा, किती खाली राहतं ते.

हर्णैचा_बापू
बघतो. पण पुढचं नाणं मी 28.35 नेच मोजणार. ड्युटी बदलली की मग बघू.

वाशिष्ठीकाठ
विचारलं. 6,890 जीएसटी सोडून. वेढण्यांवर घडणावळ वेगळी सांगतोय, आणि तिच्यावर 5 टक्के जीएसटी म्हणतोय. सोन्यावर 3 आणि घडणावळीवर 5, असं असतं का?

रापण
आमच्याकडे सगळ्या बिलावर मिळून 3 लावतात.

कातळावरचा
आमच्याकडे घडणावळीवर 5 च.

सुरंगी
दोन्ही प्रकारची बिलं पाहिलीत. आमची पेढी दागिना विकताना सगळ्यावर 3 लावते. तुम्ही कच्च्या चिठ्ठीवर राहू नका, पक्कं बिल मागा. सोनं, घडणावळ आणि कर वेगवेगळ्या ओळीत असू दे. मग बोलू.

वाशिष्ठीकाठ
आत जातोय. लाईट आली.