मदत हवी आहे: भूकंपाचा इशारा आणि धक्का एकदमच कसे आले?

निशीकासाईकर: आम्ही टोकियोत अकराव्या मजल्यावर राहतो. परवा रात्री आधी मांडणीतली भांडी बारीक किणकिणली, मग मोबाइल "जिशिन देस" म्हणून ओरडला आणि त्याच क्षणी घर हलू लागलं. केंद्र जवळजवळ आमच्या खालीच, ४० किमी खोल होतं. दिवसा आई घरी एकटी असते, गुडघे दुखतात. इशारा असाच येणार असेल तर तिला काय सांगून ठेवू?

सह्यकडा: मोबाइलचं नेटवर्क अडलं असेल. भूकंपाची आधी पोचणारी हलकी पी लहर सेकंदाला ६ किमी जाते, मागून येणारी जोराची एस साडेतीन. दोघींत दर ८ किमीला एक सेकंद पडतो. ४० किमीला ५ सेकंद मिळायलाच हवे होते.

कंपनमापी: ५ सेकंदांचा हिशोब बरोबर आहे, पण ते तुमच्या हातात पडत नाहीत. पी लहर आधी यंत्रापर्यंत पोचायला हवी. केंद्र खाली ४० किमी, म्हणजे वरच्या यंत्रालाही ती सुमारे ७ सेकंदांनी कळते. मोजून इशारा सोडायला आणखी चार-पाच सेकंद धरा, झाले १२. एस लहर साडेअकरा सेकंदांत घरी पोचते. नेटवर्कचा दोष नाही. किणकिणली ती पी लहर, तोच तुमचा पहिला इशारा.

भूकंप दूर समुद्रात झाला तर चित्र पालटतं, कारण किनाऱ्यावरच्या यंत्राची बातमी रेडिओने लहरींच्या कितीतरी पुढे पळते. ११ मार्च २०११ च्या जपानमधल्या मोठ्या भूकंपात पहिल्या यंत्राला पी लहर लागल्यावर ८.६ सेकंदांत इशारा सुटला आणि किनाऱ्याजवळच्या सेंदाई शहराला जोराच्या धक्क्याआधी साधारण १५ सेकंद मिळाले.

निशीकासाईकर: मग टोकियोला मिनिटभर मिळालं असेल ना?

कंपनमापी: वेळ होता, इशारा नव्हता. भेग तेव्हा अजून फाटतच होती. पहिल्या काही सेकंदांवरून भूकंप खऱ्यापेक्षा बराच लहान वाटला, म्हणून टोकियो इशारा द्यायच्या यादीत आलंच नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

पाटणची_लेक: आमच्याकडे कोयनेला हे बसवलं तर? आजी १९६७ ची रात्र अजून सांगते.

कंपनमापी: ताई, कोयनेचे भूकंप फार उथळ, १० किमीच्या आतबाहेर. कोयनानगर-पाटणला काहीच मिळणार नाही. पुण्याला काही सेकंद मिळतील, पण तिथे घरं पडायची भीती त्या मानाने कमी.

सह्यकडा: चुकलो, यंत्रापर्यंतचा वेळ धरलाच नव्हता. पण आईंना टेबलाखाली जायला सांगा.

निशीकासाईकर: तिला खाली बसताच येत नाही हो.

कंपनमापी: मग बसलेल्या जागीच उशी डोक्यावर धरून वाकायचं. भांडी किणकिणली की लगेच, मोबाइलची वाट न पाहता. तिची खुर्ची कपाटापासून आणि काचेपासून लांब हलवा, कपाट भिंतीला पक्कं करा.

सह्यकडा: आणि पलंगावर असतील तर? उठायचं की पडून राहायचं?

निशीकासाईकर: हेच मलाही विचारायचंय. पलंग खिडकीला लागून आहे आणि खोलीत दुसरी जागा नाही.