नोकरी सोडण्याइतकं साइडचं काम वाढलंय का? (कोल्हापूर)

पॅटर्नवाला
शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत डिझाइनला आहे. हातात ३६,००० येतात. संध्याकाळी घरी बसून उद्यमनगरातल्या पॅटर्न शॉपना थ्रीडी मॉडेल आणि ड्रॉइंग करून देतो. गेल्या वर्षभरात महिन्याला सरासरी ४५,००० चं बिल झालं. घरखर्च आणि हप्ता मिळून ३५,००० लागतात. शिल्लक २,१०,००० आहे, म्हणजे सहा महिने निघतील. नोकरीला चार वर्षं चार महिने झाली, बेसिक २०,०००. राजीनामा देऊ का?

रंकाळा_७
भावा, बिनधास्त सोड. मी नोकरी सोडून चटणी कांडपाचं मशीन टाकलं. उन्हाळ्यात जेवायला वेळ मिळत नाही. गाळा घरचाच आहे, त्यामुळं पावसाळ्यात गिऱ्हाईक नसलं तरी भागतं.

हिशोबनीस
बिलं राहू देत. पासबुकात किती जमा झाले ते सांगा. आणि सगळ्यात मोठ्या पार्टीचं काम किती?

पॅटर्नवाला
आत्ता काढून बघितलं. महिन्याला सरासरी ३१,००० च जमा झालेत. निम्म्याहून जास्त काम एकाच पार्टीचं आहे.

हिशोबनीस
म्हणजे वर्षाचे १,६८,००० लोकांकडे अडकलेत. बुडाले असं नाही, पण त्यावर हप्ता भरता येत नाही. ३१,००० मधून सॉफ्टवेअर, वीज, टॅक्स असे अंदाजे ५,००० वजा केले तर २६,००० उरतात. घराला ९,००० कमी पडतात, तेही मोठी पार्टी टिकली तर. पुढच्या महिन्यापासून पगार वेगळ्या खात्यात वळवा आणि घर साइडच्या पैशांवर चालवून बघा. कमी पडेल तेवढंच त्यातून घ्या. दर महिन्याला ९,००० घेतले तरी आठ महिन्यांत २,१६,००० साठतील. आधीचे धरून वर्षभराचा घरखर्च हातात येतो.

केएमटी_प्रवासी
आठ महिने कशाला? चार वर्षं २४० दिवस भरले की ग्रॅच्युइटी मिळते. पीएफ आहेच, तो काढायचा.

हिशोबनीस
२४० दिवसांचा मुद्दा कोर्टात मान्य झालाय, पण प्रत्येक कंपनी सरळ देतेच असं नाही. पाच वर्षं पूर्ण झाली की वादच राहत नाही. २०,००० बेसिकवर साधारण ५७,७०० होतात. पीएफही पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर टॅक्स लागतो. घरच्यांचा मेडिक्लेम कंपनीचा असेल तर राजीनाम्याआधी स्वतःचा काढा. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

पॅटर्नवाला
वडिलांना शुगर आहे, म्हणजे तो आधी बघतो. आठ महिने थांबायचं पटलं. पण मोठी पार्टी म्हणते, पूर्ण वेळ येणार असाल तरच पुढचं काम देऊ. आणि नेमणूकपत्रात लेखी परवानगीशिवाय बाहेरचं काम करू नये असं कलम आहे.

हिशोबनीस
ते कलम वकिलाला दाखवा, त्यावर मी काही बोलणार नाही. पार्टीला आधी जुनी थकबाकी मागा. किती दिवसांत देतात ते बघून मग पुढचं बोला.

पॅटर्नवाला
सोमवारी मागतो. काय होतंय ते इथंच लिहीन.