शब्दचर्चा: गेममधलं घर 'पडतं', 'पाडतात' की 'जप्त होतं'?

गौरी_क
फायनल फँटसी १४ मधल्या हाउसिंगवर मराठीत लिहिते आहे. ४५ दिवस मालक घरात गेला नाही की घर जातं, त्याला तिथे ऑटो डिमॉलिशन म्हणतात. मी आधी 'जप्ती' लिहिलं, पण वाचताना कर्ज बुडवल्यासारखं वाटतं. 'पडझड' चालेल का?

मंदार
पडझड नको. पडझड हळूहळू होते आणि दिसते. या गेममध्ये ४४व्या दिवशीही घर पहिल्या दिवसासारखंच लखलखीत असतं, बाहेरून काही कळत नाही.

'पडझड' हा शब्द अल्टिमा ऑनलाइनसाठी राखून ठेव. तो १९९७चा गेम. तिथे घर उघड्या जगात उभं असतं आणि पाटीवर त्याची अवस्था लिहिलेली दिसते: नव्यासारखं, थोडं जुनं, असं करत शेवटी 'कोसळण्याच्या बेतात'. सुरुवातीच्या काळात मालकाने येऊन दार उघडलं की घर परत नव्यासारखं व्हायचं. नाही आला तर घर कोसळायचं आणि आतलं सगळं सामान जमिनीवर. जो उचलेल त्याचं! त्यामुळे अशा घरांभोवती लोक आधीच दबा धरून बसायचे.

सोनल
मग 'बेवारस' का नाही? तसंही घरात कुणीही डोकावून गेलं की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजतात. म्हणजे कुणीच फिरकलं नाही तरच घर जातं.

मंदार
सोनल, हे अर्धंच खरं. घर खेळाडूंच्या गटाचं, म्हणजे फ्री कंपनीचं असेल तर कोणताही सभासद आत गेला तरी चालतं. वैयक्तिक घरात मात्र मालकच लागतो. घर वापरायची परवानगी दिलेले मित्र रोज आत बसले तरी उपयोग नाही. आणि अंगणात फेरी मारणं धरत नाहीत, दार ओलांडून आत जावं लागतं. म्हणजे घर माणसांनी भरलेलं असूनही जाऊ शकतं. त्याला बेवारस कसं म्हणणार?

टोळीवाला
कोनन एक्झाइल्समध्ये आमच्या टोळीचा बेस आहे. तिथे टोळीतलं कुणी जवळून गेलं तरी मुदत वाढते. पण मुख्य बांधकामाला न जोडलेला मनोरा स्वतंत्र धरतात, त्याची मुदत वेगळी. आम्ही त्याला सरळ 'बेस सडला' म्हणतो.

गौरी_क
'सडला' मस्त आहे, पण माझा प्रश्न वेगळा होता. घर गेल्यावर सामानाचं आणि पैशांचं काय होतं, तेही त्या शब्दात दिसायला हवं.

मंदार
तिथेच 'जप्ती' बाद होते. समज, प्लॉट गेममधल्या चलनात ३० लाख गिलला घेतला होता. घर गेल्यावर जमिनीच्या किमतीचे ८० टक्के, म्हणजे २४ लाख, परत मागता येतात. फर्निचर तिथल्या राखणदाराकडे ठेवलेलं असतं. दोन्हीला मुदत ३५ दिवसांची, त्यानंतर पाणी सोडायचं. मालकाच्या हातून खऱ्या अर्थाने जाते ती जागा. एका वॉर्डात ६०च प्लॉट, मागणारे भरपूर. पूर्वी रिकाम्या प्लॉटच्या पाटीवर लोक तासन्‌तास क्लिक करत उभे असायचे. एप्रिल २०२२ पासून लॉटरी आली. हरलास तर भरलेले पैसे पूर्ण परत मिळतात, पण जिंकूनही मुदतीत ताबा घेतला नाहीस तर निम्मे जातात.

म्हणून माझं मत 'जागा खाली करून घेणे'. घर पाडणं हा त्यातला एक भाग झाला.

सोनल
पण माझं अपार्टमेंट आहे त्याच गेममध्ये. कित्येक महिने गेले नाही, तरी जिथल्या तिथे आहे.

मंदार
अपार्टमेंटला हा नियमच नाही, कारण त्याने कुणाचा प्लॉट अडत नाही. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्येही तसंच. एकाच पत्त्यावर प्रत्येकाची स्वतंत्र प्रत, त्यामुळे कधीही या. तिथे आखडता हात जागेत नाही, वस्तूंच्या संख्येत आहे. मोठ्यात मोठ्या घरातही साध्या सजावटीच्या वस्तूंना मर्यादा, महिन्याचं सदस्यत्व घेतलं तर ती वाढते. सजवणारे लोक मग एकेक मेणबत्ती मोजत बसतात.

गौरी_क
'जागा खाली करून घेणे' अर्थाने बरोबर आहे, पण घरमालक भाडेकरूला काढतोय असं ऐकू येतं. इथे तर माणूस स्वतःच मालक.

मंदार
मालक म्हणायचं, इतकंच. ४५ दिवसांची अट असलेली मालकी! २०२० मध्ये कोविडच्या काळात त्यांनी हे पाडणं काही काळ थांबवलं होतं. अट त्यांची, स्थगितीही त्यांचीच.

टोळीवाला
मग 'मुदतपाडणी' करा.

गौरी_क
मुदतपाडणी ऐकायला बरं आहे. मथळ्यात तेच टाकते, आत एकदा 'ऑटो डिमॉलिशन' लिहीन, नाहीतर खेळणाऱ्यांना कळणारच नाही. सामान आणि ८० टक्क्यांचं वेगळ्या वाक्यात.

सोनल
मला अजून 'बेवारस'च आवडतंय.