मदत हवी आहे: पॉटचं आइस्क्रीम दीड तास फिरवूनही दूधच राहिलं, मिठाचं प्रमाण चुकलं का?

मानसी_फोंडा
नमस्कार मंडळी, आजीचा लाकडी बादलीवाला पॉट माळ्यावरून काढला, घासूनपुसून घेतला आणि काल मानकुरादचं आइस्क्रीम करायला बसलो. दूध, ३०० ग्रॅम साखर आणि आंब्याचा रस मिळून दीड लिटरच्या आसपास मिश्रण झालं होतं. बर्फ ४ किलो, गोणपाटात घालून बत्त्याने फोडलेला, आणि मीठ पाव किलो. बादलीत पाणी साठायला लागलं की मी बूच काढून ओतून देत होते, कारण पाणी राहिलं तर थंडावा कमी होईल असं वाटलं. आळीपाळीने दीड तास हँडल फिरवलं पण ते शेवटपर्यंत हलकंच लागत होतं, झाकण उघडलं तर कडेला पातळ साय धरलेली आणि मधे सगळं गार दूध. मुलं एवढी वाट बघत होती, फार वाईट वाटलं. पुढच्या रविवारी भाऊ-वहिनी येणारेत, तेव्हा परत करायचंय.
अजून एक, मीठ घातलं की बर्फ लवकर वितळतो हे डोळ्यांनी दिसतं, मग लवकर वितळणारा बर्फ जास्त गार कसा करतो? हे मला खरंच समजून घ्यायचंय.

अण्णा_पेडणे
मीठ पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतं, त्यामुळे थंडावा येतो. जुन्या काळी बर्फ नव्हता तेव्हा सोरा पाण्यात विरघळवून पाणी गार करायचे, अकबराच्या दरबारातसुद्धा हेच चालायचं. तेव्हा मीठ दुप्पट कर, काम होईल. पाणी काढत होतीस ते बरोबरच केलंस.

निवृत्त_रसायन
अण्णा, सोऱ्याचं म्हणता ते खरं आहे, पण मिठाच्या बाबतीत तो वाटा अगदी लहान. १ ग्रॅम मीठ विरघळताना १५-१६ कॅलरी घेतं आणि १ ग्रॅम बर्फ वितळताना ८०, शिवाय बर्फ किलोंनी असतो. खरं काम बर्फाच्या वितळण्याचंच, मीठ फक्त त्याला शून्याच्या खाली वितळायला लावतं.

मानसी, असं बघ. बर्फ आणि पाणी एकत्र असतात तेव्हा बर्फावरून कण सुटून पाण्यात जात असतात आणि पाण्यातले कण परत बर्फाला चिकटत असतात, शून्य अंशावर दोन्ही सारखंच चालतं. पाण्यात मीठ आलं की परत चिकटणारे कमी होतात, पण सुटणारे तेवढेच राहतात. म्हणून बर्फ वितळत जातो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता शेजारी जे काही असेल त्याच्याकडून घेतो, म्हणजे स्वतःकडून, खाऱ्या पाण्याकडून आणि तुझ्या डब्याकडून. सगळं शून्याखाली उतरत जातं, जिथे सुटणं आणि चिकटणं परत सारखं होतं तिथे थांबतं. म्हणजे बर्फ वितळतोय म्हणूनच गार होतंय, तुला जे उलटं वाटत होतं तेच कारण आहे.

किती खाली उतरेल हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतं, पदार्थ कुठला याला फार महत्त्व नाही. ४ किलो बर्फात पाव किलो मीठ, सगळं वितळलं की ते पाणी उणे साडेतीन-चारला गोठतं. सुरुवातीला पाणी थोडं आणि मीठ दाट असताना त्याहून गार असतं, पण पाणी वाढत जातं तसं तापमान वर सरकतं. आणि तू ते पाणी ओतून दिलंस, म्हणजे मीठच ओतून दिलंस! मागे राहिला जवळजवळ नुसता बर्फ, तो शून्यावरच. शिवाय बर्फाच्या तुकड्यांमध्ये हवा असते, डब्याला चारी बाजूंनी टेकतं ते खारं पाणीच.

आता डब्याच्या आत बघ. तिथेही हाच नियम तुझ्या विरुद्ध चाललाय. तुझ्या ३०० ग्रॅम साखरेने, दुधातल्या आणि आंब्यातल्या साखरेने मिश्रणाचा गोठणबिंदू उणे अडीचच्या आसपास नेलाय. थोडा बर्फ जमला की उरलेल्या पाण्यात साखर दाट होते, मग आणखी खाली. निम्मं पाणी गोठायचं तर उणे पाचपर्यंत जावं लागतं. बाहेर उणे चार, तेही पाणी काढल्याने टिकलं नाही. तू दिवसभर फिरवलं असतंस तरी घट्ट झालं नसतं.

रविवारी ४ किलोला पाऊण किलो ते ८०० ग्रॅम मीठ घे, थरावर थर. सगळा बर्फ वितळला तरी उणे बारा-तेरापर्यंत राहील. पाणी फक्त डब्याच्या झाकणाच्या खालपर्यंत आलं तर तेवढंच काढ, नाहीतर आत शिरेल. मिश्रण आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेव, ३० अंशांवरचं घातलंस तर नुसतं गार करण्यातच अर्धा किलोच्या आसपास बर्फ जातो. आणि त्याहून मीठ वाढवत सुटू नकोस, कारण १ किलो बर्फाला ३०० ग्रॅमच्या वर मीठ गेलं की पुढचं विरघळत नाही, उणे २१ च्या खाली काही जात नाही. तेवढं गार झालं तर डब्याच्या भिंतीला कडक थर बसतो, पातं अडकतं आणि मधलं दूध पातळच राहतं. मुलांना त्या पाण्यात हात घालू देऊ नकोस, कातडी भाजल्यासारखी होते.

रोहन_म्हापसा
मधेच विचारतो, माझं वेगळं आहे. आम्ही घरच्या फ्रीझरमध्ये नारळाच्या दुधाचं आइस्क्रीम केलं, मित्र म्हणाला काजू फेणी घालू, १ लिटरला १०० मिली घातली. रात्रभर ठेवलं तरी चमच्यातून ओघळत होतं. फ्रीझर बिघडलाय का?

निवृत्त_रसायन
फ्रीझर ठीक असावा. १०० मिली फेणीत साधारण ३४ ग्रॅम अल्कोहोल, पण त्याचा कण साखरेपेक्षा सातपटींहून हलका, म्हणजे कणांच्या हिशेबाने तू जवळजवळ पाव किलो साखर जास्तीची घातलीस. फेणी दोन-तीन चमचे घाल, किंवा साखर कमी कर. पण साखर कमी केली तर खाताना बर्फाचे कण लागतील का हे तूच करून बघ.

सुलभा_डिचोली
मानसी, मी तरी आगरवाड्याचं गावठी मीठच वापरते, खड्याचं, बारीक मीठ पटकन खाली जाऊन बसतं. पण ते ओलसर असतं ना, मग वजनात पाणीही येतं, मी मूठभर जास्तच टाकते. सर, खडा असला तर गार जास्त होतं की फक्त जास्त वेळ टिकतं?

निवृत्त_रसायन
शेवटी पोचतं तिथेच, खडा हळूहळू विरघळतो म्हणून थंडावा पसरून मिळतो एवढाच फरक असावा. मी दोन्ही बाजूला ठेवून मोजलेलं नाही, बारीक मिठानेही झालंय माझं.

मानसी_फोंडा
सर, रविवार झाला. ८०० ग्रॅम खडे मीठ, मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये, पाणी एकदाच थोडं काढलं. वीस मिनिटांनी झाकणावर पांढरं दव जमून गोठलं आणि अर्ध्या तासाने हँडल एवढं जड झालं की भावाने दोन्ही हातांनी ओढलं. आइस्क्रीम झालं! फक्त वरच्या कडेचे दोन-तीन चमचे खारट लागले, झाकणाचं रबर जुनं आहे. ते रबर फोंड्याला कुठे मिळेल कुणाला माहीत आहे का?

अण्णा_पेडणे
रबर मिळेपर्यंत झाकणाखाली केळीचं पान दाबून बसव, आमच्याकडे तसंच करायचे.