आईची रेटिनाची अपॉइंटमेंट चुकली, काउंटरला माफी मागताना कारण सांगावं का?

म्हापसेकर
आईला डायबिटीस आहे, पणजीच्या एका आय क्लिनिकमध्ये शनिवारी साडेदहाला रेटिनाच्या डॉक्टरांची वेळ होती. आम्ही गेलो नाही आणि कळवलंही नाही. हे डॉक्टर बाहेरून पंधरा दिवसांनी एकदा येतात. काउंटरसाठी व्हॉट्सअॅपवर माफीचा मोठा मेसेज लिहून ठेवलाय, घरी आलेले पाहुणे, पर्वरीचं ट्रॅफिक, सगळं घातलंय त्यात. पाठवू की फोन करू? आणि इतकी माफी मागायची खरंच गरज आहे का?

स्पष्टवक्ता
काही गरज नाही. डॉक्टर दीड तास उशिरा येतात तेव्हा आपण बाकड्यावर बसून असतो, तेव्हा कोण येऊन सॉरी म्हणतं? आपण फी भरतो, फुकट जात नाही. सरळ फोन करायचा, शनिवारी जमलं नाही, पुढची तारीख द्या, विषय संपला. असं हात जोडून बोलायची सवय लागली की मग काउंटरवाले पेशंटला कस्पटासमान लेखतात.

मडगावची_ताई
मी मडगावात डोळ्यांच्या दवाखान्यात बरीच वर्षं काउंटर सांभाळलंय. डॉक्टर उशिरा येतात हे खरंच आहे आणि त्याचा राग सगळ्यात आधी आमच्यावरच निघतो, पण तो हिशोब काउंटरवरच्या मुलीशी चुकता करू नका, तिच्या हातात फक्त यादी असते.

रेटिनाची वेळ साध्या तपासणीसारखी नसते. आधी थेंब घालून बाहुली मोठी करतात, त्याला वीस-तीस मिनिटं जातात, कधी दुसऱ्यांदा घालावे लागतात, मग स्कॅन आणि मग कुठे डॉक्टर बघतात. म्हणून साडेदहाचा पेशंट आला नाही तर अकराचा लगेच आत सोडता येत नाही, त्याची बाहुली अजून मोठी झालेली नसते. ती जागा रिकामीच जाते आणि थांबलेल्या कुणाला तरी पुढच्या पंधरवड्यावर ढकललेलं असतं. माफी मागायची ती न कळवल्याची, न आल्याची नव्हे, आणि ती एका ओळीत पुरते.

बाकी मेसेजमध्ये काउंटरला काय लागतं ते बघ. आईचं नाव, फाईल नंबर, कुठल्या डॉक्टरांची कितीची वेळ होती, आणि कशासाठी होती, म्हणजे नुसती वर्षाची तपासणी की इंजेक्शन किंवा लेझर चालू आहे. हे शेवटचं लोक लिहीतच नाहीत आणि सगळं त्यावरच अडतं. पाहुणे आणि ट्रॅफिक काढून टाक.

गावकार
एवढं कशाला? पुढच्या वेळी डॉक्टर येतात त्या दिवशी सकाळी जाऊन बसायचं, सगळे झाले की शेवटी घेतात. आमच्या डिचोलीच्या डॉक्टरांकडे मी नेहमी तसंच करतो, आजवर कधी परत पाठवलं नाही.

मडगावची_ताई
गावकारभाऊ, टोकनवर चालणाऱ्या दवाखान्यात ते चालतं, बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांकडे नाही. त्यांची निघायची वेळ ठरलेली असते आणि शेवटच्या माणसालाही थेंब घालून बसवावंच लागतं. म्हाताऱ्या बाईला उपाशीतापाशी बसवून ठेवून परत नेण्यात काय अर्थ आहे.

पर्वरीवाली
माझ्या दातांच्या डॉक्टरांनी ॲडव्हान्स घेतला होता, मी गेले नाही तर परत दिलाच नाही. तुम्ही आधी पैसे भरलेत का? भरले असतील तर ते परत कसे मिळवायचे ते बघा आधी, मेसेजचं नंतर.

म्हापसेकर
पैसे भरले नव्हते हो, तिकडे गेल्यावरच देतो, तो प्रश्न नाहीये. ताई, आईला एका डोळ्यात पहिलं इंजेक्शन दिलंय, शनिवारी तपासून दुसरं द्यायचं की नाही ते ठरणार होतं. आणि खरं सांगायचं तर सकाळी तिला चक्कर आली, डोळ्यांची तपासणी म्हणून ती काही न खाता बसली होती आणि शुगरची गोळी मात्र घेतली. घाम फुटला, साखरपाणी दिल्यावर बरी झाली. हे मी मेसेजमध्ये लिहिलं नाही, आमचाच हलगर्जीपणा वाटेल म्हणून.

मडगावची_ताई
अरे बाबा, नेमकं सांगायचं तेच गाळलंस. हे कारण म्हणजे सबब नाही, ही माहिती आहे. काउंटरवरची मुलगी ते फाईलवर लिहील, सिस्टरच्या कानावर घालील, पुढच्या वेळी आईला लवकरची वेळ देईल. थेंब घालून तपासायला उपाशी राहावं लागत नाही, खाऊन आणि नेहमीच्या गोळ्या घेऊनच न्यायचं. डोळ्यांची अँजिओग्राफी वगैरे वेगळं काही सांगितलं असेल तर क्लिनिक म्हणेल तसं. आणि चक्कर आल्याचं तिच्या शुगरच्या डॉक्टरांनाही कळव, ते डोळ्यांच्या काउंटरवर संपत नाही.

दुसरं म्हणजे ही इंजेक्शनं सुरुवातीला साधारण महिन्याच्या अंतराने देतात. पंधरा दिवस पुढे गेलं तर चालेल की नाही हे काउंटर ठरवू शकत नाही, तू किंवा मीही नाही, त्यांना डॉक्टरांना विचारायला लाव. मी असा लिहिला असता:

"नमस्कार, शनिवारी साडेदहाची आईची रेटिनाची वेळ होती. आम्ही आलो नाही आणि कळवलं नाही, माफ करा. सकाळी तिची शुगर उतरली होती. फाईल नंबर अमुक. पहिलं इंजेक्शन अमुक तारखेला झालंय, ही दुसऱ्याआधीची तपासणी होती. पुढची वेळ मिळेल का आणि तोपर्यंत थांबलं तर चालेल का, एवढं डॉक्टरांना विचाराल का? कुणी रद्द केलं तर तासभर आधी फोन करा, आम्ही म्हापशाहून येऊ."

हा पाठव आणि मग फोनही कर. सकाळच्या गर्दीत नको, एक ते चार बहुतेक ठिकाणी काउंटर बंदच असतं, चारनंतर उघडल्या उघडल्या कर. मात्र त्या डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके वाढले, चमक दिसली, पडदा आल्यासारखं झालं किंवा डोळा दुखून लाल झाला तर वेळ मागत बसू नको, त्याच दिवशी ने. क्लिनिक बंद असेल तर बांबोळीला जीएमसीत.

स्पष्टवक्ता
इंजेक्शन चालू आहे म्हटल्यावर मेसेज पटला. पण मग ताई, क्लिनिकने आदल्या दिवशी एक फोन का नाही केला? इंजेक्शनवाला पेशंट आला नाही तर त्याच दिवशी विचारायला नको का? सगळी जबाबदारी पेशंटचीच कशी?

मडगावची_ताई
करायला हवा, हे मी मान्य करते. आम्ही करायचो, पण काउंटरवर दोघी असल्या तरच. एकटी असली की समोर उभा असलेला माणूस आधी. न आलेल्याला फोन करायचं कुणी शिकवतही नाही.

म्हापसेकर
मेसेज पाठवला आणि चारनंतर बोललो. मुलगी चांगली बोलली, इंजेक्शनची तारीख विचारली, डॉक्टरांना विचारून सांगते म्हणाली. तिचा परत फोन आला, पुढच्या फेरीला नऊची पहिली वेळ दिलीय, न्याहारी करूनच आणा म्हणाली. आता एकच, चुकलेल्या वेळेची फी आपणहून देऊ का?

पर्वरीवाली
अजिबात देऊ नका, तपासलंच नाही तर फी कसली.

मडगावची_ताई
मागितली तर दे, आपणहून नको, पावती कशाची फाडायची हा त्यांनाच प्रश्न पडतो.

गावकार
माझ्या मते विचारावं तरी. आपल्यामुळे कुणाची तरी जागा गेली ना?